मदत हवी आहे: पायऱ्या सगळ्या पटतात, उत्तर मात्र चूक

खडूवाला: अकरावीच्या क्लासला गणित दिलं होतं: sin²x + 4/sin²x ची किमान किंमत काढा. बऱ्याच वह्यांत उत्तर 4 आलंय आणि मांडणीही जवळपास तीच. दोन्ही पदं धन, म्हणून एएम-जीएम; बेरीज ≥ 2√4 = 4; "दोन्ही पदं समान असताना बरोबरी साधते, म्हणून किमान किंमत 4." एआयकडून उतरवलंय असा दाट संशय आहे. खरं उत्तर 5. अशी चूक मुलांना स्वतःहून कशी पकडता येईल?

निवांत_नागपूरकर: एएम-जीएम धन संख्यांनाच चालतं ना? साइन ऋणही असतो. तिथेच गफलत आहे.

त्रिज्या: साइन ऋण असला तरी वर्ग धनच येणार. बेरीज 4 च्या खाली जात नाही, हेही खरंच आहे. गोम शेवटच्या ओळीत आहे. पदं समान कधी होतात ते सोडवून बघा: sin²x = 2 येतं. साइनचा वर्ग 1 च्या वर जातच नाही, म्हणजे बेरीज 4 ला शिवतच नाही. ती ओळ पुन्हा वाचा. "समान असताना" असं ठणकावून लिहिलंय, पण x किती ते कुठेच नाही. मुलांना एवढंच विचारा: कोणत्या x ला 4 येतं, घालून दाखव. 45 अंशाला 8.5 येतं, 90 ला 5. sin²x वाढत 1 कडे गेला की बेरीज घटत जाते, म्हणून 5 च्या खाली काही नाही.

निवांत_नागपूरकर: म्हणजे दोन-चार कोन घालून बघितले की झालं.

त्रिज्या: संशय येण्यापुरतं. 5 च किमान हे त्याने सिद्ध होत नाही.

घर्षण_बल: आमच्याकडे भौतिकशास्त्रात हाच प्रकार. जमिनीवर स्थिर असलेला 2 किलोचा ठोकळा, स्थितिक घर्षणांक 0.4, आडवं बल 5 न्यूटन. उत्तरात घर्षण थेट 0.4 × 2 × 9.8 = 7.84 धरलं, त्वरण काढलं उणे 1.42, आणि वर शेरा: "ऋण चिन्ह म्हणजे ठोकळा मंदावतो." अहो, हललाच नाही तो मंदावेल कसा! 7.84 ही कमाल मर्यादा आहे. इथे घर्षण 5 च. पण माझा प्रश्न वेगळाय, असं आपोआप ओळखणारं एखादं ॲप आहे का?

खडूवाला: ॲप नकोय हो, मुलांची नजर तयार करायचीय. त्रिज्या, x विचारायची युक्ती उद्याच वापरतो. पण एक मुलगी ठामपणे म्हणतेय, मी स्वतःच सोडवलं.

त्रिज्या: असेलही. ही चूक एआय येण्याच्या आधीपासून मुलं करत आलीत. नुसत्या चुकीवरून कुणावर आळ घेऊ नका. फळ्याजवळ बोलवा, 4 च्या जागी 1 घालून तेच गणित द्या. तिथे उत्तर 2 येतं आणि 90 अंशाला बरोबरी खरंच साधते. दोन्हींत फरक काय ते तिला सांगता आलं, तर वहीत कुठून आलं याला फारसं महत्त्व नाही.

निवांत_नागपूरकर: पण मग गुण? पहिल्या तीन ओळी तर बरोबर आहेत.

खडूवाला: तिथेच अडलोय. निम्मे द्यावेत असं वाटतं, पण उतरवलेल्या ओळींना कसले निम्मे?