‘तगादा’ वाटू नये असे स्मरणपत्र: शब्द कोणते वापरावेत?

शाईपेन

एका पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे संपादन, मांडणी आणि छपाई यांचा प्रस्ताव मी 3 जून रोजी पाठवला होता. सुरुवातीला त्यांच्याकडून उत्साहाने फोन येत होते, प्रस्ताव पोहोचल्यावर मात्र सारे शांत झाले. माझी दोन पत्रे अनुत्तरित राहिल्यानंतर तिसऱ्याचा मसुदा असा केला आहे:

‘आम्ही पाठविलेल्या प्रस्तावावर आपण अद्याप उत्तर दिलेले नाही. दोन वेळा आठवण करून देऊनही आपला निर्णय समजलेला नाही. तरी लवकरात लवकर कळवावे, ही पुनश्च नम्र विनंती.’

माझी सहकारी म्हणाली की हा सरळसरळ तगादा आहे. मग मी विषयाच्या ओळीत ‘पाठपुरावा’ लिहिले, तर तिला ते अधिकच खटकले. ‘फॉलो-अप’साठी मराठीत सौम्य शब्द कोणता?

निवृत्त कारकून

शब्द तयारच आहे: स्मरणपत्र. सरकारी कचेऱ्यांत मूळ पत्राचा संदर्भ देऊन ‘स्मरणपत्र क्र. 1’, ‘क्र. 2’ असे पाठवले जाते आणि तरीही काही हलले नाही, तर अधिकारी नावानिशी अर्धशासकीय पत्र लिहितो. ‘पाठपुरावा’ या शब्दातही गैर काही नाही. त्यात ‘पुरावा’ आहे, म्हणजे आपण पत्र पाठवल्याची नोंद राहते, एवढाच त्याचा अर्थ.

टिपणवही

कारकूनसाहेब, स्मरणपत्राबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, पण पाठपुराव्यातील ‘पुरावा’ हा साक्षीपुराव्यातील नव्हे. पाठ पुरवणे म्हणजे एखाद्याच्या मागे लागून ते शेवटास नेणे, जसा आपण पिच्छा पुरवतो. म्हणूनच हा शब्द आपल्या कार्यालयातील नोंदीत शोभतो, मात्र ज्याच्या मागे आपण लागलो आहोत त्यालाच तो लिहून पाठवला, तर त्याला तो टोचणारच. ‘तगादा’ अरबी-फारसी ‘तकाजा’वरून आला आहे आणि त्यात देणे लागत असल्याचा भाव आहे. पतसंस्था शाईपेन यांचे काहीही देणे लागत नाही. तिने फक्त दर मागवले होते.

तरीही खरी अडचण नामाची नसून क्रियापदांची आहे, असे मला वाटते. ‘आपण उत्तर दिलेले नाही’ या वाक्यात कर्ता समोरचा माणूस आहे आणि क्रिया न केल्याचा ठपका त्याच्यावर येतो. ‘आठवण करून देऊनही’ मधला ‘ही’ तर उघड तक्रार करतो. त्यानंतर ‘पुनश्च नम्र विनंती’ आली की आधी रागावून मग हात जोडल्यासारखे दिसते. आरोप आणि अजिजी ही दोन्ही एकाच मसुद्यात कशी येतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

रेवदंडेकर

मला हा नाजूकपणा पटत नाही. एका गिऱ्हाइकाने माझे फर्निचरचे बिल दिवाळीपासून अडकवून ठेवले आहे. गोड भाषेत लिहिले तेव्हा त्याने फोन घेणेच बंद केले. अशा माणसाला तगादाच हवा.

टिपणवही

रेवदंडेकर, आपण माल दिलेला आहे, त्यामुळे पैसे हा आपला हक्क आहे आणि तिथे ‘तगादा’ हा शब्द अगदी यथार्थ आहे. शाईपेन यांना अजून काम मिळायचे आहे. हक्काची भाषा इथे वापरली, तर ती उसनी ठरेल.

खिळेजुळारी

स्मरणिकांची बरीच कामे मी छापली आहेत, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. संस्था गप्प बसते ती बहुधा आपल्याला टाळण्यासाठी नव्हे. स्मरणिकेचा खर्च जाहिरातींतून काढायचा असतो, आणि किती जाहिराती येतील हे समितीला ठाऊक नसते, त्यामुळे पाने ठरत नाहीत आणि पाने न ठरल्यामुळे दराला होकार देता येत नाही. चिटणीसांना तुमचे पत्र मिळते, पण ‘निर्णय कळवा’ याचे उत्तर त्यांच्या एकट्याच्या हातात नसते. एकदा उत्तर राहिले की पुढचे पत्र उघडायलाही माणसाला संकोच वाटतो.

त्यामुळे निर्णय विचारू नका, एका माणसाला एका ओळीत देता येईल असे उत्तर मागा. आमच्याकडे साधारणपणे 16 पानांचा एक फॉर्म धरतात. म्हणजे 80 पानांचे पाच फॉर्म, 96 चे सहा. तुमचा प्रस्ताव किती पानांचा होता?

शाईपेन

96 पानांचा, 1,000 प्रतींसाठी. दर 30 दिवसांसाठी ग्राह्य असतील, असेही त्यात लिहिले होते. वरील सूचना ध्यानात घेऊन नवा मसुदा देते:

‘दि. 3 जूनच्या प्रस्तावात स्मरणिका 96 पानांची धरली होती. जाहिरातींचा अंदाज अजून यायचा असल्यास 80 पानांचे दरही सोबत जोडले आहेत, म्हणजे समितीपुढे दोन्ही पर्याय ठेवता येतील. सध्या 80 आणि 96 यांपैकी कोणता आकडा अधिक संभवनीय वाटतो, एवढे कळविल्यास त्यानुसार पुढील आखणी करता येईल. कागदाचे दर बदलत असल्याने प्रस्तावातील रक्कम 3 जुलैपर्यंत ग्राह्य आहे; त्यानंतर नवे दर काढून देऊ.’

टिपणवही

हा मसुदा पुष्कळ सुधारला आहे. ‘कळविल्यास करता येईल’ या रचनेत विनवणी नाही आणि हुकूमही नाही. शिवाय मागच्या पत्रांचा उल्लेख नाही, ती त्यांच्याकडे आहेतच. फक्त ‘अजून यायचा असल्यास’ मधील ‘अजून’ काढावा, त्यात दिरंगाईचा किंचित वास येतो.

निवृत्त कारकून

मागील पत्रांचा संदर्भच नको, हे मला मुळीच मान्य नाही. उद्या नवे चिटणीस आले, तर त्यांना काय कळणार? शिवाय ‘कळवावे’ यात हुकूम कुठे आहे? आमची उभी हयात ‘कळवावे’ लिहिण्यात गेली.

टिपणवही

संदर्भ जरूर द्यावा, पण तो मूळ प्रस्तावाचा. स्मरणपत्रांची मोजदाद केली की ती फाइलच्या भाषेत नोंद असते आणि गिऱ्हाइकाच्या कानाला मात्र हजेरी वाटते. ‘कळवावे’ वरिष्ठाने कनिष्ठाला लिहिले तर आदेश आणि कनिष्ठाने वरिष्ठाला लिहिले तर विनंती. दोघे बरोबरीचे असतील, तर ते कुठल्या बाजूला झुकेल याचा भरवसा नाही.

खिळेजुळारी

मुदतीची ओळ धमकीसारखी तर वाटणार नाही ना? आमच्या धंद्यात ‘दर वाढतील, त्वरा करा’ इतक्या वेळा लिहिले जाते की कुणी ते खरे मानत नाही.

टिपणवही

मुदत प्रस्तावातच असल्याने तिची पुनरुक्ती ही धमकी नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 6 नुसार स्वीकारासाठी दिलेली मुदत संपली की प्रस्ताव आपोआप रद्द होतो. मुदत दिलेलीच नसेल, तर वाजवी काळ गेल्यानंतर. त्यामुळे ‘प्रस्ताव मागे घेत आहोत’ असे रुसवेफुगवेही लिहावे लागत नाहीत. मात्र मुदत एकदा लिहिली की ती पाळावी लागते. 10 जुलैला होकार आला आणि आपण जुन्याच दराने काम घेतले, तर पुढच्या वेळी त्या ओळीला किंमत उरणार नाही.

शाईपेन

आणि 3 जुलैपर्यंतही उत्तर आले नाही, तर शेवटचे पत्र असे लिहीन: ‘प्रस्तावाची मुदत 3 जुलै रोजी संपली असून आम्ही या कामासाठी राखून ठेवलेला वेळ मोकळा करीत आहोत. पुढे स्मरणिकेचे ठरल्यास नव्या दरांसह पुन्हा प्रस्ताव देऊ.’ पण विषयाच्या ओळीत काय लिहायचे, हा माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे.

निवृत्त कारकून

स्मरणपत्र क्र. 3.

खिळेजुळारी

‘स्मरणिका: 80 की 96 पाने?’ असे लिहा. स्मरणपत्र म्हटले की चिटणीस ते उद्यावर ढकलतात.

रेवदंडेकर

माझ्या फर्निचरच्या गिऱ्हाइकाला कलम 6 लागू होते का?