सोकोबानच्या लेव्हलची काठिण्यपातळी सॉल्व्हरने ठरवावी का?

खोकेबहाद्दर: सोकोबानसारखा खोके ढकलण्याचा खेळ लिहितो आहे. सुटलेल्या अवस्थेपासून खोके उलटे ओढत नेऊन लेव्हल तयार करतो आणि ए-स्टार सॉल्व्हरला उत्तर सापडेपर्यंत किती अवस्था तपासाव्या लागल्या, त्या आकड्यावरून सोपी-अवघड अशी क्रमवारी लावतो. पण ज्या लेव्हलचा आकडा मोठा, ती माझी भाचरे चुटकीसरशी सोडवतात आणि लहान आकड्याच्या लेव्हलवर अडतात. हे माप टाकून द्यावे का?

सरळमार्गी: माप टाकू नका, सॉल्व्हरच टाकून द्या. तुम्ही सुटलेल्या अवस्थेतून मागे आला आहात, म्हणजे लेव्हल सुटणारच याची हमी जन्मतःच मिळालेली आहे. किती वेळा ओढले तो आकडा तुमच्यापाशी आहे. तोच काठिण्य म्हणून वापरावा. दोनशे वेळा ओढलेली लेव्हल वीस वेळा ओढलेलीपेक्षा अवघड असणार, यासाठी वेगळे यंत्र कशाला हवे?

जुना हमाल: हमीपुरते आपले म्हणणे बरोबर आहे, पण पुढची उडी चुकते. स्वैर ओढत गेले की खोका डावीकडे जातो, वळसा घालून पुन्हा जवळपास तिथेच येतो. अशा दोनशे ओढींनंतर जी मांडणी उरते, तिचे सर्वांत लहान उत्तर सहा ढकलींचेही असू शकते, आणि एखादा खोका तर आपल्या घरावरून, म्हणजे त्याला जिथे पोचवायचे त्या चौकोनावरून, कायमचा हललेलाच नसतो. खरे अंतर हवे असेल तर सुटलेल्या अवस्थेपासून पातळीपातळीने सगळ्या अवस्था नोंदवत मागे यावे लागते आणि सर्वांत दूरची निवडावी लागते. ती नोंदवही म्हणजे उलट दिशेने चालणारा सॉल्व्हरच झाला.

आता मूळ मापाविषयी. सहा बाय सहाची मोकळी खोली घ्या, चार खोके आणि मधोमध चार घरे. खोक्यांच्या मांडण्या ५८,९०५ होतात. पण भिंतीला टेकलेला खोका या खोलीत भिंत सोडून कधीच आत येत नाही आणि भिंतीलगत एकही घर नाही, म्हणून कडेचे वीस चौकोन मेलेले आहेत. सॉल्व्हरला एवढे एकच सांगितले की आतले सोळा चौकोन उरतात आणि मांडण्या १,८२० होतात. खोली तीच, भाचरे तीच, आकडा मात्र बत्तीस पट उतरला. त्यामुळे आपला आकडा लेव्हलविषयी जेवढे सांगतो, निदान तेवढेच आपण लिहिलेल्या प्रोग्रामविषयीही सांगतो.

मोजपट्टी: मला हे पटत नाही. प्रत्येक मापाला मोजणारे साधन लागतेच. एकच सॉल्व्हर, एकच आवृत्ती, तेच नियम कायम ठेवले तर निरपेक्ष आकड्याला अर्थ नसला तरी लेव्हलींचा आपापसांतला क्रम टिकतो, आणि विचारणाऱ्यांना क्रमच हवा आहे. शिवाय माणसांवर चाचणी घेऊन हजार लेव्हलींची प्रतवारी करणे एकट्याने खेळ लिहिणाऱ्याच्या आवाक्यातले नाही.

मास्तर: आमच्या शाळेच्या संगणक कक्षात मी हा खेळ सातवीच्या मुलांना देतो. माझा अनुभव असा की मुलांना ‘आधी कोपरे पाहा, मग ढकला’ एवढे सांगितले की बहुतेक लेव्हली सुटतात. तेव्हा लेव्हल कशी सोडवावी हे शिकवले, तर हा प्रश्न उरणार नाही असे वाटते.

खोकेबहाद्दर: सर, सोडवण्याची युक्ती मला नको आहे, अवघडपणा मोजायचा आहे. पण कोपऱ्यांचा मुद्दा कामाचा आहे, कारण भाचरेही कोपऱ्यात चुकत नाहीत. ती या लेव्हलवर अडली; # म्हणजे भिंत, @ खेळणारा, $ खोका, . घर आणि * घरावर बसलेला खोका:

```
#######
#.*   #
### $ #
  #@  #
  #####
```

जुना हमाल: फार बोलके उदाहरण दिलेत. इथे खोक्यांच्या मांडण्या जेमतेम ५५, आणि मेलेले चौकोन वगळले तर १५ उरतात. उत्तर चार ढकलींचे आहे; u, d, l, r म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, आणि मोठे अक्षर म्हणजे त्या दिशेने ढकल:

```
uuLrddrUruLL
```

सुरुवातीला पाच ढकली शक्य आहेत. त्यांपैकी दोन घातक आहेत: मोकळा खोका खाली किंवा उजवीकडे भिंतीला लावणे. त्या मुलांना दिसतात, सॉल्व्हरलाही मेलेल्या चौकोनांमुळे लगेच कळतात. खरी फसगत त्यानंतर आहे. एक खोका आधीच घरावर बसलेला दिसतो, म्हणून कोणीही त्याला हात लावत नाही. दुसरा खोका वर नेऊन त्याच्या शेजारी आणून ठेवतो. त्या क्षणी दोन्ही खोके जिवंत चौकोनांवर आहेत, तरी कोंडी झालेली आहे: बसलेल्याला डावीकडे सरकवण्यासाठी जिथे उभे राहायला हवे, तिथेच दुसरा खोका आला, आणि त्या दुसऱ्यालाही बाजूला घेता येत नाही. उत्तर एवढेच की बसलेला खोका आधी घरावरून पुढच्या घरात ढकलायचा. पंधरा मांडण्यांपुढे सॉल्व्हरला ही कोंडी ओलांडायला काहीच लागत नाही, माणसाला मात्र ‘झालेले काम’ मोडावे लागते.

मोजपट्टी यांचा क्रमाचा मुद्दाही इथेच तपासता येतो. मोकळी खोली आणि ही लेव्हल यांतील मांडण्यांचे गुणोत्तर छाटणीआधी हजाराहून थोडे अधिक आहे, छाटणीनंतर एकशेवीसच्या आसपास. क्रम उलटला नाही हे मान्य आहे, पण एका साध्या नियमाने दरी एवढी घटते, तर जवळजवळच्या आकड्यांच्या दोन लेव्हली जागा बदलणार नाहीत असे मी म्हणू शकत नाही. आणि इथे तर न उलटलेला क्रमच भाचरांच्या अनुभवाच्या विरुद्ध आहे.

मोजपट्टी: मग पर्याय सांगा. टेलर आणि पार्बेरी यांनी २०११ मध्ये लेव्हल-निर्मितीवर जे काम केले, त्यात एकाच दिशेने सलग ढकललेला खोका एक रेघ मानून रेघा मोजल्या आहेत. या लेव्हलमध्ये तीनच रेघा येतात. म्हणजे तुमच्या मते अवघड असलेली लेव्हल त्याही मापाने सोपी ठरते.

जुना हमाल: ठरते खरी. लांबच लांब ढकलीमुळे उत्तर फुगू नये यासाठी रेघा उपयोगी आहेत. फसगत त्यांना दिसत नाही. ब्रनो येथील यारुशेक आणि पेलानेक यांनी २०१० मध्ये माणसांच्या सोडवण्याच्या नोंदींवर हेच तपासले. अवस्थांच्या संख्येचा माणसांना लागणाऱ्या वेळेशी फारसा मेळ बसला नाही. कोडे वेगवेगळ्या तुकड्यांत कितपत मोडते हे पाहणारे माप त्याहून चांगले ठरले.

माझी सूचना अशी: आपल्या आकाराच्या लेव्हलींत सुटू शकणाऱ्या सर्व अवस्था उलट नोंदवहीत आधीच आहेत. उत्तराच्या वाटेवरील प्रत्येक अवस्थेतून, आणि वाटेपासून एकदोन ढकली दूर असलेल्या सुटणाऱ्या अवस्थांतूनही, सर्व शक्य ढकली करून पाहा. जी पुढची अवस्था वहीत नाही आणि मेलेल्या चौकोनांच्या तपासणीतही सापडत नाही, ती लपलेली कोंडी. तिची गणती करा. मात्र वही करताना खेळणाऱ्याच्या सगळ्या संभाव्य शेवटच्या जागा धरून सुरुवात करायला हवी. एकच जागा धरली, तर सुटणाऱ्या अवस्थाही वहीबाहेर राहतात आणि नसलेल्या कोंड्या मोजल्या जातात.

मोजपट्टी: दहा-बारा खोक्यांच्या लेव्हलची पूर्ण वही कोणाच्या मेमरीत मावणार? तिथे पुन्हा सॉल्व्हरच्या आकड्याकडेच यावे लागेल.

जुना हमाल: तिथे यावे लागेल, हे खरे. तिथे मी नमुन्यादाखल काही अवस्था निवडून सॉल्व्हरला वेळमर्यादा देतो. पण मर्यादेत न सुटलेली अवस्था कोंडी आहे की केवळ अवघड आहे, हे मला ओळखता येत नाही.

खोकेबहाद्दर: माझ्या लेव्हली चार खोक्यांच्या पुढे जात नाहीत. काल रात्री वही केली. माझी सुरुवात एकाच जागेपासून होती. ती दुरुस्त केल्यावर निम्म्याहून अधिक ‘कोंड्या’ नाहीशा झाल्या. उरलेल्यांची यादी भाचरांसमोर ठेवणार आहे.