'उद्या पाण्याला सुट्टी 🥳💧' : तुमच्या सोसायटीचे अनुभव सांगा

विश्रामबागची_सून
आज सकाळी ग्रुपवर मेसेज आला, "गुड मॉर्निंग परिवार 🌸 उद्या आपल्या पाण्यालाही सुट्टी 🥳💧 सहकार्य करा 🙏😊" आणि मला दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली. तेव्हाही अगदी अस्साच मेसेज होता. वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये आला, मी 👍 टाकून पुढं गेले. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला, दिवसातून चार वेळा स्पंजिंग, चादरी बदलणं. दुसऱ्या दिवशी कसंबसं भागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नळानं नुसती फुस्स केली. त्या माउलीला ओल्या चादरीवर पाऊण तास थांबावं लागलं. एकदाही तक्रार केली नाही त्यांनी, त्याचंच मला जास्त लागलं.

नंतर महापालिकेची मूळ सूचना बघितली. तिच्यात दोन ओळी होत्या: गुरुवारी पुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी कमी दाबाने. दुसरी ओळ आमच्या मेसेजमध्ये नव्हतीच. तिच्या जागी फुलं होती.

मिरजकर७२
एक दिवसाचं काय एवढं. वरची टाकी दहा हजाराची असते, दोन दिवस आरामात जातात.

पंपवाला_काका
मिरजकर, टाकी भरलेली असेल आणि कोणी घाबरलं नसेल तर एक दिवस, दोन नाही. हिशेब करा. सोळा फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे चौसष्ट. माणशी १३५ लिटर धरतात, झाले साडेआठ हजार. वर मेसेज वाचून प्रत्येकानं दोनशेचं बॅरल भरलं की आणखी तीन हजार गेले. सकाळी नऊलाच वरची टाकी खडखडीत.

राहिली खालची. वीस हजाराची, सात फूट खोल असली तरी पाणी ओढणारा फूटव्हॉल्व्ह तळापासून फूटभर वर असतो. म्हणजे जवळजवळ तीन हजार लिटर तुमचे नाहीतच. आणि शुक्रवारी कमी दाब का? दुरुस्तीसाठी लाईन रिकामी केलेली असते. ती आधी भरते, मग टाक्या, आणि वाटेत सगळ्यांच्या मोटरी ओढत असतात. शेवटच्या गल्लीला दुपार होते. खरी अडचण दुसऱ्या दिवशीच असते.

शाहूपुरी_सातारा
साताऱ्याला कासचं पाणी उताराने येतं, त्यामुळं लाईट गेली तरी हा प्रश्न नाही. कासला फुलं बघायला कोणी आलात तर बुकिंग आधी करा.

विश्रामबागची_सून
दादा, लाईटचं नाही, पाणी बंदचं चाललंय 🙂

शाहूपुरी_सातारा
हां हां. मग आमच्यात पण होतं. लाईनला गळती काढली की बंदच.

सेक्रेटरी_ब_विंग
मी असे मेसेज टाकतो, म्हणून लिहितो. साधं "पाणी बंद" लिहिलं की रात्री अकराला फोन सुरू, जणू मीच कॉक फिरवलाय. हसरा चेहरा टाकला की लोक चिडत नाहीत. पण ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. दुसरी ओळ मी पण गाळतो, खरं सांगतो.

कृष्णाकाठ
२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला पूर, गावभाग पाण्यात आणि नळ कोरडे. खाली कमरेएवढं पाणी, प्यायला घोटभर नाही. तेव्हा ग्रुपवर एकच मेसेज आला होता, "टँकर चौकात, कळशी घेऊन या". एक फूल नव्हतं त्यात. सगळे गेले.

पंपवाला_काका
सेक्रेटरी, हसरा चेहरा ठेवा की. पण वर तीन गोष्टी आकड्यात लिहा: कधीपासून बंद, पूर्ण दाब कधी, आणि मोटर किती वाजता लावणार. तिसरी महत्त्वाची. तसल्याच एका दिवशी एका सोसायटीत वॉचमनला कोणी सांगितलंच नाही. त्यानं नेहमीसारखी पहाटे पाचला मोटर लावली, खाली पाणी नाही. पंपाचं सील पाण्यानंच थंड राहतं, ते जळलं. पाणी आलं तरी वर चढेना, आणखी दीड दिवस गेला. ओळखायचं सोपं आहे: मोटरचा आवाज हलका होतो आणि वरच्या टाकीत धार पडल्याचा आवाज येत नाही. लगेच बंद करा.

स्वयंपाकघरातून
आणि पाणी आलं की लगेच भरू नका गं! मागल्या वेळी मी डाळ शिजत घातली, पाणी चहासारखं. सगळी डाळ ओतली.

पंपवाला_काका
रिकाम्या लाईनीत जोरात पाणी शिरलं की बसलेला गाळ उठतो. टाकीत घेण्याआधी दहा-पंधरा मिनिटं खालच्या नळानं सोडून द्या, स्टीलच्या वाटीत धरून तळ दिसतो का बघा.

मिरजकर७२
टंचाईत पाणी सोडून द्यायचं? पटत नाही. झाडांना घाला.

पंपवाला_काका
झाडांना चालेल, उत्तम.

जिन्यातली_आजी
मला ती चित्रं दिसतच नाहीत, चौकोन दिसतात नुसते. नातू मुंबईला. फळ्यावर लिहा की बाबांनो, खाली लिफ्टपाशी.

सेक्रेटरी_ब_विंग
आजी, उद्यापासून फळ्यावर पण लिहितो. काका, आमच्या मोटरला पाणी नसलं की आपोआप बंद व्हायचं काही बसवता येतं का? मीटिंगमध्ये दोनदा विषय काढला, खर्चावर अडलाय.

स्वयंपाकघरातून
आमच्यात पण अडलाय 😔