मदत हवी आहे: २४ फ्रेमचा लाठीचा व्हिडिओ स्लो केला की काठी वितळते आणि मागची भिंत हलते

पेठेतला_कॅमेरा:
मंडळी जरा अडकलोय. आमच्या तालमीतल्या पोरांचा मर्दानी खेळ शूट केला, कॅमेरा ट्रायपॉडवर, २४ फ्रेम, शटर १/५०. आता वस्ताद म्हणतात लाठी फिरवायचा तुकडा चौपट स्लो करून दे. शूटच्या वेळी स्लोचं कोण बोललंच नव्हतं, नाहीतर १२० वर घेतलं असतं, आणि परत शूट शक्य नाही, त्यातली दोन पोरं भरतीच्या तयारीला बाहेरगावी गेलीत. एडिटिंगमधनं ३० च्या टाइमलाइनवर तुकडा कापून काढला आणि ही कमांड मारली:

```
ffmpeg -i lathi.mp4 -vf "setpts=4*PTS,minterpolate=fps=30:mi_mode=mci:mc_mode=aobmc:vsbmc=1" -an slow.mp4
```

तर पोराच्या अंगाभोवती मागची दगडी भिंत जेलीसारखी थरथरते, काठीचं टोक गायब होतं, मधेच काठी आखूड होते, आणि ठरावीक वेळानं चित्र अडकून पुढं उडी मारतं. सेटिंग चुकतंय का सॉफ्टवेअरच बदलू?

सासने_मैदान:
भावा हे टीव्हीचं असतंय. आमच्या नव्या टीव्हीवर पण सगळं सिरियलसारखं गुळगुळीत दिसायचं आणि माणसाच्या कडेला पाणी हलल्यासारखं व्हायचं. सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग असतं ते बंद कर, झटक्यात जातंय.

पेठेतला_कॅमेरा:
दादा मी लॅपटॉपवर बघतोय, फाइलमध्येच आहे ते 😅

कट_टू_कट:
३० ची टाइमलाइन, तिथंच घोळ आहे. २४ चं फुटेज ३० मध्ये टाकलं की दर चार फ्रेमनंतर एक फ्रेम डबल होते. त्या दोन सारख्या फ्रेमच्या मधे सॉफ्टवेअरला हालचाल शून्य दिसते, म्हणून तिथं चित्र थांबतं आणि पुढच्या जोडीत उडी मारतं. कार्डावरची ओरिजिनल फाइल घे, fps=24 ठेव, सगळं क्लिअर होईल, कडा पण.

पेठेतला_कॅमेरा:
केलं. अडकणं पूर्ण गेलं, नाद खुळा! पण कडा जशाच्या तशा. भिंत हलतेच आहे, काठी तर बघवत नाही.

रंकाळाकाठ:
डबल फ्रेमचं त्यांनी बरोबर सांगितलं, पण कडांचा त्याच्याशी संबंध नाही. आधी एक कर, स्लो केलेली फाइल एकेक फ्रेम पुढं सरकवून बघ. चौपट म्हणजे दर चौथी फ्रेम तुझी खरी आणि मधल्या तीन बनवलेल्या. चौथी स्वच्छ आणि मधल्या तीन घाण असतील तर दोष फ्रेम बनवण्यात आहे. चौथी पण घाण असेल तर तो तुझ्या शूटमध्ये नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये आहे.

पेठेतला_कॅमेरा:
ताई, चौथीत भिंत एकदम स्थिर. काठी मात्र तिथं पण पंख्यासारखी फिकट दिसते, टोकाकडं तर जवळजवळ नाहीच.

रंकाळाकाठ:
म्हणजे तुझे दोन वेगवेगळे आजार आहेत.

पहिला भिंतीचा. समज पोरगा एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत ३० पिक्सेल उजवीकडं सरकला. मधल्या फ्रेममध्ये तो १५ सरकलेला पाहिजे. त्याच्या पाठीमागं १५ पिक्सेलची जी पट्टी उघडी पडते ती पहिल्या फ्रेममध्ये त्याच्या अंगाखाली झाकलेली होती, फक्त दुसऱ्या फ्रेममध्ये आहे. पुढच्या बाजूला उलटं, तिथली भिंत फक्त पहिल्या फ्रेममध्ये सापडते. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक ठिकाणाचा जोडीदार दोन्ही फ्रेममध्ये शोधत बसतं. खरा जोडीदार नसला की जवळचा कुठलातरी दगड पकडतं, नाहीतर शेजारच्या अंगाचीच गती भिंतीला लावतं, आणि भिंत पोराबरोबर ओढली जाते. तुझ्या कमांडमधली पद्धत तर चित्राचे चौकोन पाडून हलवते, एका चौकोनात अर्धं अंग अर्धी भिंत आली की दोन्ही एकत्रच सरकतात. आणि दगडी भिंत म्हणजे सगळे दगड सारखेच दिसणार, चुकायला वावच वाव.

दुसरा काठीचा. काठी सेकंदाला किती फेरे घेते?

पेठेतला_कॅमेरा:
फ्रेम मोजल्या. एका फेऱ्याला १२ फ्रेम, म्हणजे सेकंदाला दोन. पोरगं मधे धरून फिरवतंय, हातापासून टोक साधारण ४०० पिक्सेल, जाडी १२.

रंकाळाकाठ:
बघ मग. एका फ्रेमला ३० अंश. टोक एका फ्रेममध्ये साधारण २१० पिक्सेल उडी मारतंय आणि काठी जाड आहे १२. एवढी बारीक वस्तू एवढ्या लांब गेली की जोडी लागत नाही. त्यात शटर १/५०, म्हणजे फ्रेमच्या जवळजवळ अर्धा वेळ उघडं, तेवढ्यात टोक शंभर पिक्सेलवर पसरलं. १२ ची काठी शंभरात पसरली म्हणजे टोकाच्या एखाद्या पिक्सेलमध्ये काठी आठवा हिस्सा आणि बाकी सगळी भिंत. सॉफ्टवेअरला तिथं भिंतच दिसते आणि भिंत तर उभीच आहे, मग काठी गायब. हाताजवळ वेग कमी, म्हणून तिथली टिकते.

आखूड होते ते का, तर जोडी बरोबर लागली तरी ते टोक गोलात नेत नाही, सरळ रेषेत नेतं. मधोमध काठी साधारण १४ पिक्सेल आखूड पडते, खऱ्या फ्रेमला परत लांब. श्वास घेतल्यासारखी.

कट_टू_कट:
मग पुढच्या वेळी शटर १/४०० ठेवायचं, प्रश्नच मिटला.

रंकाळाकाठ:
पसरणं कमी होईल, २१० ची उडी तशीच राहील ना. त्याला फ्रेमच जास्त पाहिजेत. १२० वर घेतलं असतं तर तीच उडी ४२ ची झाली असती, आणि चौपट स्लोला नवी फ्रेम बनवायचीच गरज नव्हती.

लाल_माती_७७:
माझं पण असंच होतंय, कुस्तीचा व्हिडिओ आहे, ढाक मारली की माती उडते आणि स्लो केल्यावर ती मातीची धूळ गोधडीसारखी एकजीव हलते. पैलवान चांगले दिसतात. मी रिझॉल्व्हमध्ये ऑप्टिकल फ्लो लावलाय.

रंकाळाकाठ:
धुळीला कडाच नसते आणि आरपार मागचं पण दिसतं, एका पिक्सेलला दोन गती असतात, आणि ते एकच देतं. तिथं मी फ्रेम ब्लेंड लावते. दुहेरी दिसतं, पण धुळीत खपतं.

पेठेतला_कॅमेरा:
ताई माझं काय करू मग? वस्ताद परवा मागतात.

रंकाळाकाठ:
ट्रायपॉड होता हे तुझं नशीब. पोरगा बाजूला असतानाच्या फ्रेममधनं रिकाम्या भिंतीचं एक स्थिर चित्र बनव. स्लो केलेल्या तुकड्यात पोराभोवती मास्क काढ, अंगाच्या जरा बाहेरनं, कडा मऊ, आणि मास्कच्या बाहेर ते स्थिर चित्र ठेव. थरथर बाहेरच्या पट्टीत असते, ती झाकली जाते. अंगाला अगदी चिकटलेलं थोडं राहील. जमिनीवर सावली हलत असेल तर तेवढी जमीन मास्कच्या आत घे, नाहीतर सावली कापली जाईल.

काठीला दुसरा उपाय दिसत नाही, पुसून काठीचा वेगळा लेयर हाताशी पिन करून फिरवायचा, प्रत्येक फ्रेमला साडेसात अंश, आणि वर थोडा ब्लर. शेवटी काठी सरळ रेघच आहे.

कट_टू_कट:
पण काठी कॅमेऱ्याच्या समोरासमोर फिरत नसणार. आडवी असते तेव्हा लांब दिसते, टोक कॅमेऱ्याकडं नाहीतर मागं वळलं की आखूड. नुसतं साडेसात अंश लावून घड्याळाचा काटा दिसेल.

रंकाळाकाठ:
हे मात्र बरोबर. दर चौथ्या फ्रेमला लांबी आणि कोन दोन्ही हातानं जुळवावं लागेल, आणि टोक फिकट असल्यानं लांबी अंदाजानंच.

पेठेतला_कॅमेरा:
भिंतीचं केलं, जेली गेली, कोपराजवळ जरा हलतंय पण मोबाइलवर कळत नाही. काठीचे चार फेरे म्हणजे १९२ फ्रेम होतात, एवढं परवापर्यंत होत नाही. आता असं करतोय, फिरवणं नॉर्मल स्पीडला आणि काठी काखेत थांबवतो तिथंच स्लो, तिथं टोक फार हलत नाही. वस्तादांना आज संध्याकाळी दाखवतो. त्यांना फिरवणंच स्लो पाहिजे होतं, बघू काय म्हणतात ते.

सासने_मैदान:
टीव्हीवर लावून दाखवणार असशील तर आधी ते स्मूदिंग बंद कर हं.