मदत हवी आहे: 101 वर ट्युरिंग मशीन अडतंय
नमस्कार मंडळी, मी फोंड्याची. 0 आणि 1 च्या पॅलिन्ड्रोमसाठी ट्युरिंग मशीन करतेय. q0 डावीकडचं पहिलं चिन्ह पुसते. ते 0 असेल तर q1, 1 असेल तर q3 लक्षात ठेवून उजवीकडच्या रिकाम्या घरापर्यंत जाते. मग q2 किंवा q4 एक घर मागे येऊन तेच चिन्ह आहे का बघते नि पुसते. q5 डावीकडे परत आणते. q0 ला रिकामं दिसलं की स्वीकार.

0110 चालतं. 101 मध्ये मात्र मधला 0 पुसल्यावर q2 मागे येते तर तिथेही रिकामंच, आणि त्यासाठी नियमच नाही! q2, q4 ला रिकामं दिसल्यास स्वीकारायचं, एवढं पुरेल? की चुकीची एखादी स्ट्रिंग आत शिरेल?