लोकप्रिय, लोकमान्य, आदरणीय : भाषणासाठी नेमका शब्द कोणता?

शिबिराच्या संयोजिका : युवा शिबिरात मला दहा मिनिटे बोलायचे आहे. लोकांना आवडणे आणि लोकांच्या मनात आदर असणे यांतला फरक हा विषय आहे. ‘लोकप्रिय’ हा शब्द ठरला आहे, पण त्याच्यासमोर ‘आदरणीय’ ठेवावा की ‘लोकमान्य’?

महाविद्यालयीन विद्यार्थी : ‘लोकमान्य’च योग्य आहे. प्रिय म्हणजे आवडता आणि मान्य म्हणजे ज्याला मान आहे तो.

निवृत्त मराठी अध्यापक : व्युत्पत्तीपुरते हे बरोबर आहे. पण ‘अट मान्य आहे’ म्हणताना आपण मान देत नाही, फक्त कबूल करतो. शिवाय ‘लोकमान्य’ म्हणताच टिळक आठवतात आणि ते लोकप्रियही होते, त्यामुळे मुलांना फरक दिसणार नाही. माझ्या मते विशेषणापेक्षा क्रियापद पाहावे. लोकप्रियता मिळते आणि ओसरते. मान दिला जातो आणि तो नुसत्या पदालाही देता येतो. आदर मात्र वाटावा लागतो, कुणाच्या सांगण्यावरून तो वाटत नाही.

उदाहरण आगरकरांचे घ्यावे. 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि बालविवाह, केशवपन यांवर ते लिहीत राहिले. संमतिवयाच्या वादात, म्हणजे 1891 च्या सुमारास, लोकमत टिळकांच्या बाजूला झुकलेले असतानाही त्यांनी कायद्याचा पुरस्कार केला. पुण्यातील सनातन्यांनी तर ते जिवंत असताना त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली. लोकप्रियता याहून खाली जाऊ शकत नाही. तरीही 1895 मध्ये ते वारले तेव्हा, ज्यांच्याशी त्यांचे टोकाचे मतभेद होते त्या टिळकांनीच ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला.

एक वाचक : मान पदाला असतो हे मला पटत नाही. आमच्या घराण्याकडे गावच्या पालखीचा मान पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग आम्हांला आदर नाही असे म्हणायचे का?

अध्यापक : तसे मी म्हटलेले नाही. पालखीचा मान हा हक्क आहे, म्हणून तो वारशाने येतो आणि त्यावरून भांडणही होते. गावाला तुमच्या आजोबांविषयी आदर वाटत असेल, तर त्याचे कारण पालखीव्यतिरिक्त काहीतरी असणार.

संयोजिका : म्हणजे शीर्षकात विशेषण नकोच. निमंत्रणपत्रिका आणि फलक यांनी ‘आदरणीय’ हा शब्द इतका झिजवला आहे की तो आता नावाआधीचे उपपदच वाटतो. ‘आवडणे आणि आदर वाटणे’ असे साधे शीर्षक ठेवते.

विद्यार्थी : शीर्षक पटले. मात्र टिळकांना वाटलेला आदर हा एका जुन्या मित्राचा आदर होता. प्रेतयात्रा काढणाऱ्यांना तो वाटला होता का? एका माणसाच्या आदरावरून ‘समाजाचा आदर’ असे म्हणता येईल, असे मला वाटत नाही.

अध्यापक : हा आक्षेप रास्त आहे. लोकप्रियतेला ‘लोक’ लागतातच, आदर मात्र एकट्यालाही वाटू शकतो. पण समाजाचा आदर म्हणायला किती जणांना तो वाटावा लागतो, हे ‘आदर’ या शब्दावरून मला सांगता येत नाही.