एकाच वाटणातली ब्रॉयलर आणि गावठी: फरक खरा की मानलेला?

परळकर (धागाकर्ता)

गटारीला आमच्याकडे दहा-बारा माणसे जेवायला असतात आणि दरवर्षी गावठी कोंबडीच हवी असा आग्रह असतो. गेल्या वर्षी भायखळ्याहून दोन गावठी कोंबड्या समोर कापून घेतल्या आणि घरी येताच चुलीवर चढवल्या, तरी मटण चिवट राहिले. पैसे मात्र ब्रॉयलरच्या जवळजवळ तिप्पट गेले. गावठीची चव ही बरीचशी मनाने मानलेली गोष्ट आहे आणि चांगल्या वाटणात ब्रॉयलर तितकीच रुचकर लागते, असे माझे मत झाले आहे. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी कारणासह लिहावे.

भांडुपची वहिनी

मला ते अजिबात मान्य नाही. ब्रॉयलरच्या रश्शाला वाटणाची चव असते, कोंबडीची नसते. वाटण घालण्यापूर्वी फक्त हळद, मीठ आणि आले-लसूण घालून शिजवलेल्या गावठीचे पाणी वाटीत घेऊन पाहावे. त्यावर पिवळ्या तुपाचे थेंब तरंगतात आणि गार होताना ते ओठांना किंचित चिकटते. आमच्याकडे ते अळणी पाणी आधी मुलांना प्यायला देतात आणि मगच भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण घालतात. ब्रॉयलरचे असे पाणी प्यायला दिले, तर दुसरी वाटी कोणी मागणार नाही.

लालबागचा खवय्या

वहिनी, आपण रश्शाबद्दल बोलत आहात आणि त्याच्यापुरते आपले म्हणणे खरे आहे. पण कोंबडी म्हणजे फक्त रस्सा नव्हे. सुके, तंदुरी, पकोडे, आठवड्याच्या मधल्या दिवशी डब्यासाठी घाईने केलेले कालवण, या सगळ्यांना ब्रॉयलरच बरी, कारण ती झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटांत शिजते आणि तिच्या जाड छातीच्या तुकड्यांत मसाला लावायला जागा असते. गावठीच्या छातीवर मांस असते तरी किती? शिवाय आमच्या घरातली मुले गावठी ताटात तशीच ठेवून उठतात, आणि त्यांच्यावर नाक मुरडून उपयोग नाही.

गोरेगावकर

मूळ मुद्दा आरोग्याचा आहे. ब्रॉयलरला वाढीसाठी हार्मोनची इंजेक्शने देतात, म्हणूनच ती सव्वा-दीड महिन्यात दोन किलोंची होते. नैसर्गिकरीत्या कोणताही पक्षी इतका वेगाने वाढणार नाही. वरून ठासून प्रतिजैविके भरतात. असे मांस चवीला फिके लागणारच.

वाड्याचा शेडवाला

आमची वाडा तालुक्यात ब्रॉयलरची शेड आहे, म्हणून हे लिहीत आहे. कंपनी एक दिवसाचे पिल्लू, खाद्य आणि औषधे देते; शेड, वीज, पाणी आणि मजुरी आमची; तयार पक्ष्याच्या वजनावर किलोमागे आम्हाला पैसे मिळतात. पाच हजार पक्ष्यांना एकेक धरून वरचेवर इंजेक्शन द्यायचे ठरवले, तर त्या मजुरीतच सगळी बॅच बुडेल. पक्षी वाढतो तो मका आणि सोयाबीनच्या पेंडीवर. साधारण साडेतीन किलो खाद्य खाऊन तो पस्तीस ते बेचाळीस दिवसांत दोन किलोंच्या पुढे जातो.

मात्र सगळे आलबेल आहे असेही मी म्हणणार नाही. जमिनीवर भाताचे तूस अंथरलेले असते आणि एका पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम एक चौरस फूट जागा येते. पावसाळ्यात तूस ओले राहिले की अमोनियाने शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात. तीच हवा पक्षी चोवीस तास घेत असतो. एप्रिल-मे महिन्यांत विक्रीला आलेले जड पक्षी उष्म्याने धापा टाकत मरतात. पण गावठी म्हणजे सुखाची रानभटकंती, हेही चित्र अर्धेच आहे. माझ्या आईच्या परसात दहा-बारा कोंबड्या असतात. खुडूक बसलेल्या कोंबडीखालून एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात, त्यातली निम्मी मुंगूस, घार आणि मांजर नेतात, आणि एखाद्या वर्षी मानमोडी आली की खुराडेच्या खुराडे रिकामे होते, कारण गावात लस वेळेवर टोचून घेतो कोण?

निवृत्त पशुवैद्य, मुलुंड

गोरेगावकर यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. हार्मोनची गोष्ट खोटी आहे. वेगाची वाढ ही अनेक पिढ्यांच्या निवड-पैदाशीची आणि मोजून दिलेल्या खाद्याची करामत आहे. प्रतिजैविकांची काळजी मात्र रास्त आहे. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटच्या पायरीवर राखून ठेवलेले औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास वापरले जात होते आणि 2019 मध्ये केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. पण त्याचा फिक्या चवीशी संबंध नाही.

चवीचे आणि पोताचे मुख्य कारण वय आहे. ब्रॉयलर आपल्या ताटात येते तेव्हा ती आकाराने मोठी झालेली, पण वयाने पिल्लूच असते. तिच्या स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन कोवळे असते, ते थोड्या उष्णतेत विरघळते आणि मांस सुटते. गावठी सव्वा किलोची व्हायला पाच-सहा महिने किंवा त्याहून अधिक लागतात, आणि तोवर कोलॅजनच्या धाग्यांमध्ये पक्के दुवे तयार झालेले असतात. ते मोडायला वेळ आणि ओलावा लागतो. मोडले की त्यांचेच जिलेटिन होते, आणि वहिनींच्या पाण्याचा ओठांना लागणारा चिकटपणा तो हाच. दिवसभर चालणाऱ्या पायांचे मांस गडदही होते आणि त्याला चवही अधिक येते. ब्रॉयलरला इतके चालावे लागतच नाही.

परंतु आपण तुलना करताना एक गोष्ट सगळेच विसरतो. मुंबईत ब्रॉयलर कातडी सोलून देतात, आणि गावठी गरम पाण्यात बुडवून, पिसे उपटून, जाळावर भाजून, हळद चोळून कातडीसह देतात. पिवळी चरबी बहुतांशी त्या कातडीखालीच असते, आणि भाजल्याचा वासही तिथलाच. म्हणजे ताटात आपण सोललेले पिल्लू आणि कातडीसकट प्रौढ पक्षी यांची तुलना करतो. दुकानदाराला सांगून ब्रॉयलरही न सोलता, पिसे काढून भाजून घ्यावी आणि दोन्ही एकाच वाटणात करून पाहावे. अंतर बरेच कमी होते, पण मिटत नाही.

आता परळकरांच्या चिवट कोंबडीबद्दल. कापून लगेच चुलीवर चढवली, हे त्यांनीच लिहिले आहे. कापल्यानंतर थोड्याच वेळात पक्ष्याचे स्नायू आखडतात आणि पुढचे काही तास आखडलेलेच राहतात. त्या अवस्थेत शिजवलेले मांस कितीही उकळले तरी रबरासारखे लागते. कोवळ्या ब्रॉयलरमध्ये ते खपून जाते, गावठीत खपत नाही. सकाळी आणून, धुऊन, हळद-मीठ लावून फ्रिजमध्ये पाच-सहा तास ठेवावी आणि रात्रीच्या जेवणाला शिजवावी. ताजी म्हणून तडक शिजवणे हे गावठीच्या बाबतीत नुकसानीचे आहे.

अंधेरीची नवगृहिणी

मी गावठीची दम बिर्याणी केली होती. दह्यात रात्रभर मुरवलेले कच्चे मटण खाली आणि अर्धवट शिजलेला भात वर, अशी ब्रॉयलरला करते तशीच रचली. भाताचा लगदा झाला आणि मटण दाताला दाद देईना. मग गावठीची बिर्याणी होतच नाही असे समजायचे का? आणि कडकनाथ घेतली तर लवकर शिजेल का?

भांडुपची वहिनी

होते, पण मटण आधी पुरते शिजवून घ्यावे लागते आणि भात त्याच्याच पाण्यात करावा लागतो. कडकनाथही देशीच जात आहे, मध्य प्रदेशातील झाबुआकडची. रंग काळा म्हणून ती लवकर शिजेल असे नाही.

परळकरांनी कुकरात वाटण सुरुवातीलाच घातले असावे, असाही मला संशय आहे. खोबऱ्याचे वाटण तळाला धरते, करपल्याचा वास आला की आपण घाबरून गॅस बंद करतो, आणि कोंबडी अर्धी राहते. दोन कोंबड्यांना मी कांदा परतून, आले-लसूण-कोथिंबिरीची गोळी आणि हळद घालून मटण तेलात पाणी सुटेपर्यंत परतते, मग लिटरभर कढत पाणी घालते. एक शिट्टी झाली की आच बारीक करून पंचवीस-तीस मिनिटे ठेवते आणि वाफ आपोआप जिरू देते. तंगडीच्या टोकाशी मांस हाडावरून मागे सरकलेले दिसले की झाले. नसेल तर पुन्हा दहा मिनिटे. त्यानंतर वाटण, मसाला आणि उघड्या पातेल्यात पंधरा मिनिटांची उकळी. ब्रॉयलरला याच्या उलट करते, आधी वाटण तेल सुटेपर्यंत परतून मग तुकडे, कारण तिला इतका वेळ दिला तर छातीचा चोथा होतो.

लालबागचा खवय्या

हे सगळे ठीक, पण मुळात भायखळ्याला मिळालेली गावठी होती कशावरून? मुंबईत गावठी म्हणून विकले जाणारे बरेच पक्षी अंडी देऊन थकलेल्या लेअर कोंबड्या असतात, असे मी कायम ऐकत आलो आहे. मग तिप्पट पैसे कसले मोजायचे?

निवृत्त पशुवैद्य, मुलुंड

शंका योग्य आहे. जिवंत पक्षी पाहूनच ठरवावे. लेअरची चोच बहुधा लहानपणीच टोकाकडून छाटलेली असते, तुरा मोठा, फिका आणि एका बाजूला पडलेला असतो, पिंजऱ्याला घासून मानेवरची व छातीवरची पिसे झिजलेली असतात आणि जमीन उकरायला न मिळाल्याने नखे लांब वाढतात. खऱ्या गावठीची नखे झिजलेली, पाय बारीक आणि छातीचे हाड धारेसारखे हाताला लागते. त्या हाडाचे मागचे टोक बोटाने दाबावे. लवचीक असेल तर पक्षी कोवळा, कडक असेल तर कुकरातला वेळ वाढवावा.

खरी अडचण मधल्या जातींची आहे. गिरिराज आणि वनराज हे रंगीत पिसांचे सुधारित पक्षी परसात वाढवण्यासाठीच तयार केलेले आहेत, पण तसे रंगीत पक्षी शेडमध्ये बंद ठेवून, भरपूर खाद्यावर कमी वेळात वाढवूनही विकले जातात. पिसे काढल्यावर ते ओळखणे मलाही नेहमी जमत नाही.

वाड्याचा शेडवाला

आमच्याच गावात एकाने असे रंगीत पक्षी शेडमध्ये ठेवले आहेत, आणि शहरातून येणारा व्यापारी ते गावठी म्हणूनच उचलतो. चव ब्रॉयलरपेक्षा बरी असते, कारण पक्षी जास्त दिवसांचा असतो. आईच्या परसातल्यासारखी मात्र नसते. त्याला गावठी म्हणावे की नाही, यावर आमच्या घरातच एकमत नाही.

परळकर

फ्रिजमध्ये ठेवण्याचे मला कोणीच सांगितले नव्हते. दुकानदार तर लगेच शिजवा म्हणाला होता. यंदा एक गावठी आणि एक न सोललेली ब्रॉयलर आणून दोन्ही वहिनींच्या पद्धतीने रश्शात करीन. तोवर माझे मत मी मागे घेत नाही. आणि सुके मात्र कोणी काहीही म्हटले तरी ब्रॉयलरचेच होईल.